अनोळखी कारखान्याला पहिला मेसेज: सहा-सात ओळी, मागणी एकच

भोसरीतल्या एखाद्या मेंटेनन्स इन्चार्जचं व्हॉट्सअ‍ॅप पाहिलं, तर बेअरिंगवाले, कटिंग ऑइलवाले, कामगार पुरवणारे, सोलरवाले अशा सगळ्यांचे मेसेज ओळीने पडलेले दिसतात. बहुतेकांचा शेवट एकाच वाक्याने होतो: ‘गरज असल्यास कळवावे.’ आता गरज आहे की नाही हे शोधायचं कोणी? तर वाचणाऱ्याने. त्याच्याकडे आधीच बंद पडलेली दोन मशीन असतात. तो मेसेज वाचतो, खाली सरकवतो आणि विसरतो. त्याने नकार दिलेला नसतो. उत्तर द्यावं असं त्याला काही विचारलेलंच नसतं.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा, तुम्ही कारखान्यांमधल्या हवेच्या लाइनचं लिकेज शोधून बंद करून देता. धंदा लहान आहे, तुम्ही स्वतः आणि हाताखाली एक-दोन माणसं. समोर भोसरी-चाकण पट्ट्यातला एक सीएनसी जॉबवर्क करणारा कारखाना आहे, जिथे तुमची काहीच ओळख नाही. त्यांना पाठवायचा पहिला मेसेज आपल्याला लिहायचा आहे.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कारखान्यात कॉम्प्रेसर हवा दाबून ठेवतो, ती पाइपमधून मशीनपर्यंत जाते. जुनी फिटिंग, क्विक कपलिंग, कडक झालेले पीयू पाइप यांतून ती फुसफुसत निघून जाते. हवा फुकट असली तरी ती दाबायला वीज लागते. लक्ष न दिलेल्या लाइनमध्ये कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २० ते ३० टक्के हवा अशी वाया जाणं ही नेहमीची गोष्ट आहे. नीट राखलेल्या लाइनमध्ये ती १० टक्क्यांच्या आत ठेवता येते.

आधी मागणी ठरवा

लोक आधी मेसेज लिहितात आणि शेवटी काहीतरी मागायचं म्हणून मागतात. उलट करा. कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: हा मेसेज वाचून समोरच्याने नेमकं काय करावं? ते ठरल्याशिवाय ‘नमस्कार’सुद्धा लिहू नका.

आपल्या उदाहरणात काय काय मागता येईल? भेटीची वेळ, फोनवर बोलणं, कामाची ऑर्डर, कॉम्प्रेसरची माहिती, लिकेज मोजायची परवानगी. ऑर्डर बाजूला ठेवा, ती पहिल्या मेसेजला कोणी देत नाही. भेटीची वेळ ही मागणी साधी वाटते, पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. कशासाठी भेटायचं, किती वेळ जाईल, चहा पाजून तासभर माहितीपत्रक ऐकावं लागेल का, यातलं त्याला काहीच कळत नाही. ‘एकदा बोलूया’ हे तर त्याहून मोघम.

चांगल्या मागणीसाठी माझ्या कसोट्या तीन आहेत. पहिली, वाचणाऱ्याला ती एकट्याच्या अधिकारात मान्य करता आली पाहिजे. वरच्या साहेबांना विचारावं लागलं की मेसेज अडकला. दुसरी, उत्तर एका शब्दात देता आलं पाहिजे: हो, नको किंवा दुसरा वार. तिसरी, ‘हो’ म्हटल्यावर त्याचं काय जाणार हे मेसेजमध्येच दिसलं पाहिजे. वेळ जाणार असेल तर किती मिनिटं, पैसे जाणार असतील तर किती.

या कसोट्यांवर लिकेज मोजायची परवानगी टिकते, कारण ही मोजणी खरोखरच छोटी असते. सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा वापरणारं कोणी नसेल तर दाब एकदा भरल्यावर कॉम्प्रेसर शांत बसायला हवा. लिकेज असेल तर दाब उतरतो आणि तो पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा दाबू लागतो. तो किती वेळ लोडवर राहिला आणि किती वेळ हवा न दाबता अनलोडवर, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या मोजायचं. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले शंभर: हे लिकेजचे टक्के. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटं अनलोड असेल तर ३० टक्के. एक फेरी पाच मिनिटांची धरली तर चार फेऱ्यांना वीस मिनिटं लागतात. ना पाइप उघडायचा, ना मशीन थांबवायचं.

मशीन थांबवायचं नाही, कारण ते आधीच थांबलेलं असेल असा वार आपण निवडणार आहोत. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या बऱ्याच लहान-मध्यम कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी उत्पादन बंद असतं, पण मेंटेनन्सची माणसं मात्र अनेकदा येतात, कारण त्यांची कामं सुट्टीच्या दिवशीच उरकता येतात. म्हणून मागणी ठरली: ‘या गुरुवारी ११ वाजता येऊन २० मिनिटं मोजू का?’ तुमचा भाग वेगळा असेल तर तिथल्या एमआयडीसीचा सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. गुरुवार भोसरीत चालतो म्हणून सगळीकडे चालेल असं नाही.

कोणाला पाठवायचा

कारखाना लहान असेल, मालक स्वतः रोज शॉपवर फिरत असेल, तर मेसेज मालकालाच. मेंटेनन्सला वेगळा माणूस नेमलेला असेल तर त्याला. परचेसला पहिला मेसेज पाठवू नका. त्यांचं काम ठरलेली वस्तू ठरलेल्या रीतीने विकत घेणं हे आहे. तिथून व्हेंडर नोंदणीचा फॉर्म येतो, मग तीन कोटेशनची तुलना होते आणि तुम्ही ज्या कामाची गरज अजून दाखवूनही दिलेली नाही त्याचा दर सांगून बसता.

मेंटेनन्स इन्चार्जला लिहिताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण या धंद्यातले बरेच मेसेज इथेच मरतात. हवेची लाइन ही त्याची जबाबदारी आहे. ‘तुमच्या कारखान्यात लाखोंची हवा वाया जातेय’ असं तुम्ही लिहिलंत, तर त्याला ऐकू येतं ते ‘तुम्ही तुमचं काम नीट करत नाही’. आणि उद्या तुम्ही मोजून ३० टक्के आकडा काढला, तो थेट मालकाच्या टेबलावर गेला, तर प्रश्न त्यालाच विचारले जाणार. अशा माणसाला घरात बोलवायला तो का तयार होईल? म्हणून त्याला पाठवायच्या मेसेजमध्ये एक छोटं वाक्य हवंच: आकडा फक्त तुमच्याकडे देतो. मग तेच मोजमाप त्याच्या हातातलं साधन होतं. नवीन फिटिंगसाठी पैसे मागायला तो ते स्वतःच वर घेऊन जातो.

मालकाची गोष्ट वेगळी. त्याला बिलाची भाषा लागते, रुपयांची. एकाच दिवशी दोघांनाही मेसेज पाठवण्याची हुशारी मात्र करू नका. मालक तो मेसेज मेंटेनन्सला पुढे पाठवतो, त्याला कळतं की तुम्ही त्याच्या डोक्यावरून गेलात, आणि पुढे गेटवर तुमचं स्वागत कसं होतं ते तुम्हीच पाहाल.

मेसेज लिहिण्याआधीचा अर्धा तास

मेसेज याच कारखान्यासाठी लिहिलाय हे सिद्ध करणारी एक खरी गोष्ट तुम्हाला हवी. एकच पुरते. ‘तुमच्या नामांकित कंपनीबद्दल ऐकून आनंद झाला’ हे कुणालाही लागू पडतं, म्हणून कुणालाच लागत नाही.

जॉबवर्क करणाऱ्या अनेक कारखान्यांच्या वेबसाइटवर मशीनची यादी असते. ग्राहकांना क्षमता दाखवायला ती टाकलेली असते आणि त्यात खाली, जनरेटरच्या आसपास, कॉम्प्रेसरही असतो: किती किलोवॅट किंवा किती हॉर्सपॉवर, कधी कंपनीसुद्धा. आपल्याला लागणारी जवळजवळ सगळी माहिती त्या एका पानावर मिळते. यादी नसेल तर त्यांच्या नोकरीच्या जाहिराती पाहा. दोन शिफ्ट की तीन, हे तिथे हमखास लिहिलेलं असतं. मेंटेनन्स इन्चार्जचं नाव लिंक्डइनवर सापडतं. नाही सापडलं तर कंपनीच्या फोनवर सरळ विचारा: ‘कॉम्प्रेसरचं काम कोण बघतं?’ या प्रश्नाचं उत्तर सोपं असल्यामुळे टेलिफोन ऑपरेटर बहुधा नाव सांगतो.

याच अर्ध्या तासात काही कारखाने यादीतून काढून टाकायचे असतात. कॉम्प्रेसर व्हीएफडीचा असेल तर तो गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्यामुळे वर सांगितलेली लोड-अनलोडची मोजणी तिथे तशी चालत नाही. तुम्ही त्याला ‘लोड-अनलोड वेळ मोजतो’ असं लिहिलंत, तर जाणकार माणूस पहिल्या ओळीतच तुमची परीक्षा संपवेल. कारखाना वर्षाचे बाराही महिने अखंड चालत असेल तर ‘गुरुवारी मशीन बंद असताना’ याला अर्थ नाही. आणि पाच हॉर्सपॉवरचा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर असेल, तर सगळं लिकेज बंद करूनही वाचणारी वीज तुमच्या फीला पुरणार नाही. अशा ठिकाणी मेसेज कितीही सुरेख लिहिला तरी उपयोग शून्य.

समजा यादीत मिळालं ते असं: १४ सीएनसी मशीन, ३० किलोवॅटचा एक स्क्रू कॉम्प्रेसर, दोन शिफ्ट.

आकडा सांगायचा का, आणि कोणता

पहिल्या मेसेजमध्ये फायद्याचा आकडा असावा की नाही, यावर मतं वेगळी आहेत. माझं मत: असावा, पण वाचणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येईल असाच. ‘वीजबिलात ४० टक्के बचत’ असं लिहिणारे बरेच भेटतात. कॉम्प्रेसरचं बिल म्हणजे कारखान्याचं पूर्ण बिल नव्हे, हे मेंटेनन्सच्या माणसाला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

हिशोब करून पाहू. लिकेज कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या १० टक्क्यांनी कमी झालं असं धरू. दोन शिफ्ट म्हणजे दिवसाला १६ तास, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला ४,८०० तास. ३० किलोवॅटच्या १० टक्के म्हणजे ३ किलोवॅट, गुणिले ४,८०० म्हणजे १४,४०० युनिट. हा आकडा लिहायचा मोह होईल. पण तो फुगलेला आहे. स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडवर गेला तरी मोटर फिरतच असते आणि पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खात असते. लिकेज कमी झाल्यामुळे लोडचा वेळ घटतो, पण त्या जागी अनलोडचा वेळ वाढतो. अनलोडला ९ किलोवॅट धरले तर ३० आणि ९ मधला फरक २१, त्याच्या १० टक्के २.१ किलोवॅट, आणि वर्षाला साधारण १०,००० युनिट.

मेसेजमध्ये हाच १०,००० चा आकडा द्यायचा. मेंटेनन्सच्या माणसाला तो युनिटमध्ये द्या, दराने गुणायचं त्याच्यावर सोडा. दर त्याच्या बिलावर छापलेला असतो आणि तुम्ही सांगितलेला दर चुकला तर सगळाच आकडा संशयास्पद होतो. मालकाला लिहीत असाल तर ‘युनिटला ९ रुपये धरले तर वर्षाला साधारण ९० हजार’ असं म्हणा, म्हणजे काय धरलंय ते उघड राहतं. लहान आकडा दिल्याने मेसेज फिका पडेल अशी भीती वाटते. पण समोरच्याने मनात हिशोब करून ‘याने अनलोडची वीज धरलीय’ हे ओळखलं, तर तुमच्या कामाची ओळख तिथेच पटते. अनुभवाचं वेगळं वाक्य लिहावं लागत नाही.

मसुदा आणि काटछाट

पहिल्यांदा लिहायला बसलं की साधारण असा मसुदा तयार होतो:

> आदरणीय सर/मॅडम, नमस्कार. आम्ही गेली अनेक वर्षे औद्योगिक क्षेत्रात ऊर्जा बचतीच्या सर्व प्रकारच्या सेवा देत आहोत. यामध्ये एअर लिकेज तपासणी, एनर्जी ऑडिट, पाइपलाइन फिटिंग, कॉम्प्रेसर एएमसी यांचा समावेश आहे. आमच्या अनुभवी टीमने अनेक नामांकित कंपन्यांमध्ये काम केले आहे. आपल्या कंपनीतही मोठ्या प्रमाणावर वीज वाया जात असण्याची शक्यता आहे. सोबत आमचे माहितीपत्रक जोडले आहे. कृपया आमच्या वेबसाइटला भेट द्यावी. आपल्या सोयीने भेटीची वेळ द्यावी किंवा खालील नंबरवर संपर्क साधावा. आपल्या परिचयातील इतर उद्योजकांनाही कळवावे. धन्यवाद.

यातल्या मागण्या मोजा. माहितीपत्रक वाचा, वेबसाइट पाहा, वेळ द्या, फोन करा, इतरांना सांगा. पाच झाल्या. पाचपैकी एकही केली नाही तरी वाचणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. ‘वेळ द्यावी किंवा संपर्क साधावा’ यातलं ‘किंवा’ नम्र वाटतं, पण त्याने निवड करायचं काम समोरच्यावर जातं.

आता काटछाट. ‘सर/मॅडम’ जाऊ द्या. त्या तिरप्या रेघेनेच कळतं की हा मेसेज गठ्ठ्याने गेलाय. नाव माहीत असेल तर आडनावापुढे ‘साहेब’, बाई असतील तर ‘मॅडम’. पहिल्या नावापुढे ‘जी’ लावणं भोसरीच्या शॉपफ्लोअरवर विमा विकणाऱ्यासारखं वाटतं. सेवांच्या यादीतलं एकच ठेवा, ज्यासाठी मागणी करताय ते. एएमसी आणि ऑडिट पुढे कधीतरी सांगता येईल. ‘अनुभवी टीम’ आणि ‘नामांकित कंपन्या’ दोन्ही काढा. एखाद्या शेजारच्या कारखान्याने नाव सांगायची परवानगी दिली असेल तर ते एक नाव लिहा, नसेल तर गप्प राहा. ‘वीज वाया जात असण्याची शक्यता’ हे तर वर सांगितलेल्या कारणासाठी काढायलाच हवं. जोडपत्र काढा, दुवा काढा. अनोळखी नंबरवरून आलेल्या दुव्यावर बोट ठेवायला लोक आता घाबरतात, आणि ते योग्यच आहे.

उरतं ते असं लिहा:

> नमस्कार ____ साहेब, तुमच्या वेबसाइटवरच्या मशीन लिस्टमध्ये ३० किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर दिसला. मी भोसरीत एअर लाइनचं लिकेज शोधून बंद करायचं काम करतो.
>
> सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असताना लोड-अनलोड वेळ मोजून २० मिनिटांत लिकेज किती टक्के ते कळतं. लिकेज क्षमतेच्या १० टक्क्यांनी कमी झालं तर दोन शिफ्टला वर्षाला साधारण १०,००० युनिट वाचतात. मोजणीचे पैसे घेत नाही, आकडा फक्त तुमच्याकडे देतो. दुरुस्ती तुमच्या माणसांनी केली तरी चालेल.
>
> या गुरुवारी ११ वाजता येऊन मोजू का?
>
> ____, भोसरी

फोनच्या पडद्यावर हा मेसेज फार न सरकवता वाचून होतो. पहिली ओळ मुद्दाम तशी आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत मेसेजचे फक्त सुरुवातीचे शब्द दिसतात. तिथे ‘आम्ही गेली अनेक वर्षे’ दिसलं तर उघडायचं कारण नाही. ‘तुमच्या वेबसाइटवरच्या मशीन लिस्टमध्ये’ दिसलं तर निदान काय आहे ते पाहावंसं वाटतं.

‘दुरुस्ती तुमच्या माणसांनी केली तरी चालेल’ या वाक्यावर नवे लोक अडतात. मग आपल्याला काय मिळणार? फुकट मोजणी म्हटली की वाचणारा पुढचा सापळा शोधू लागतो. हे वाक्य तो सापळा नाही असं सांगतं. प्रत्यक्षात फिटरला रोजच्या कामातून पन्नास ठिकाणं शोधत फिरायला वेळ मिळत नाही, आणि काम तुमच्याकडेच येण्याची शक्यता बरीच असते. पण तुम्हाला फुकट मोजणं खरोखर परवडत नसेल तर फुकट म्हणू नका. ‘मोजणीचे ५०० रुपये’ असं स्वच्छ लिहा. तेही चालतं. फुकट म्हणून नंतर जाण्या-येण्याचा खर्च मागितला की पुढचा रस्ता बंद होतो.

प्रश्न वेगळ्या ओळीत आहे आणि त्याच्यानंतर दुसरं काही नाही. ‘धन्यवाद’ नाही, ‘कळावे’ नाही, वेबसाइट नाही. शेवटच्या ओळीत नजर जिथे थांबते तिथेच उत्तर द्यायची जागा असली पाहिजे.

पाठवण्याआधी मेसेज मोठ्याने वाचा. मग त्यातल्या क्रियापदांवर बोट ठेवत जा आणि वाचणाऱ्याने करायची कृती सांगणारी किती आहेत ते पाहा. एकापेक्षा जास्त निघाली तर उरलेली काढा, ती कितीही उपयोगी वाटली तरी. त्यानंतर मेसेज अशा एकाला दाखवा ज्याला हवेच्या लाइनमधलं काही कळत नाही, आणि विचारा: ‘यात माझं काय मागणं आहे?’ उत्तर द्यायला तो थांबला तर पुन्हा लिहा.

कशावरून आणि कधी

मोबाइल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा कामाच्या कार्डावर असेल तर व्हॉट्सअ‍ॅप. फक्त कंपनीचा ईमेल मिळाला तर ईमेल, आणि त्याच्या विषयाच्या ओळीतच मागणी घाला: ‘गुरुवारी २० मिनिटं: एअर लिकेज मोजण्याबाबत’. ‘सहकार्याचा प्रस्ताव’ अशा विषयाचा ईमेल उघडायला कोणाला सवड नसते. साध्या एसएमएसने असा मेसेज पाठवू नका. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार धंद्याचे एसएमएस नोंदणी केलेल्या नावाने आणि मंजूर मजकुराने पाठवायचे असतात. आपल्या १० अंकी नंबरवरून जाहिरातीचे एसएमएस पाठवणाऱ्याविरुद्ध तक्रार होऊ शकते.

गुरुवारची मागणी आहे म्हणून मेसेज सोमवारी किंवा मंगळवारी जायला हवा. बुधवारी संध्याकाळी पाठवलात तर मेंटेनन्स इन्चार्ज आधीच सुट्टीच्या दिवसाची कामं वाटून मोकळा झालेला असतो. आठवडाभर आधी पाठवलात तर ‘बघू’ म्हणून विसरतो. वेळ सकाळी ११ नंतरची बरी, कारण शिफ्ट सुरू होतानाचा पहिला तास-दोन तास रात्रीच्या ब्रेकडाउनमध्ये जातात. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. माल पाठवायची घाई असते आणि कधी कधी गुरुवारीही मशीन चालू ठेवतात.

एकाच वेळी शंभर जणांना पाठवू नका. प्रत्येक मेसेजमागे अर्ध्या तासाचं वाचन असेल तर ते जमणारही नाही. दहा-बारा कारखाने निवडा आणि वहीत लिहून ठेवा: कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत, काय उत्तर. पुढच्या दहांना पाठवताना एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

उत्तर काय सांगतं

व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक राहिली तर नंबर बंद असेल किंवा त्याने तुम्हाला ब्लॉक केलं असेल. कंपनीत फोन करून नंबर तपासा. निळ्या टिका आल्या आणि शांतता पसरली, तर मेसेज वाचला गेला पण मागणी मोठी वाटली, किंवा वेळ चुकली. ‘काय विकता?’ असं उत्तर आलं तर तुमचा पहिला परिच्छेद धूसर आहे. ‘रेट सांगा’ आलं तर मेसेजमध्ये दुरुस्तीचा भाग मोजणीपेक्षा वर उठून दिसतोय.

‘माझा नंबर कुठून मिळाला?’ हा प्रश्न रागाने आला तरी त्याला खरं उत्तर द्या: वेबसाइटवरून, किंवा ऑपरेटरने दिला. ‘एका मित्राने दिला’ अशी थाप मारू नका. पुढचा प्रश्न ‘कोणत्या मित्राने?’ हाच असतो.

उत्तर आलंच नाही तर एकदाच आठवण करा, पुढच्या सोमवारी, त्याच मेसेजच्या खाली. ‘माझा मेसेज पाहिलात का?’ असं विचारू नका, त्यात तक्रार ऐकू येते. मागणी आणखी लहान करा:

> नमस्कार साहेब, गुरुवार जमत नसेल तर एवढंच सांगाल का: जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेतो का? हो किंवा नाही पुरेल.

याचं उत्तर द्यायला त्याला गेटपास लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, शॉपवर उभं राहून कान दिला तरी पुरतं. ‘हो’ आलं तर लिकेजचा पुरावा त्याने स्वतःच पाहिला, आणि मग गुरुवारचा प्रश्न पुन्हा विचारता येतो. यावरही उत्तर नसेल तर थांबा. तिसरा मेसेज पाठवणाऱ्याचा नंबर लोक ब्लॉक करतात, आणि सहा महिन्यांनी कामाचं कारण सापडलं तरी तो मेसेज पोहोचत नाही.

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे ‘कोटेशन पाठवा’. ते होकारासारखं दिसतं. बऱ्याचदा तो सभ्य नकार असतो, आणि काही वेळा खरी विचारणाही असते. दोन्हींत फरक करायचा तर कोटेशनच्या आधी मोजणीच पुढे करा: ‘लिकेज किती आहे ते कळल्याशिवाय दर सांगितला तर तो अंदाज होईल साहेब. गुरुवारी ११ ला मोजू, शुक्रवारी कोटेशन देतो. चालेल का?’ ज्याला खरंच काम करून घ्यायचंय तो वार कळवतो. दुसरा गप्प होतो, आणि तुमचे चार तास वाचतात.

आणि ‘या’ असं उत्तर आलं की लगेच, शक्यतो तासाभरात, एकच मेसेज पाठवा: येणाऱ्या माणसांची नावं, गाडीचा नंबर, सेफ्टी शूज घालून येतोय, गेटवर कोणाचं नाव सांगायचं? हा शेवटचा प्रश्न विसरलात तर सुट्टीच्या दिवशी बंद गेटबाहेर वॉचमनशी वाद घालत उभं राहावं लागतं, आणि ११ चे १२ होतात.